भाडं पाण्यात जातं, मग व्याज कुठे जातं?

माझा शाळेपासूनचा मित्र वाकडमध्ये घर घेतोय. दोन बेडरूमचा तयार फ्लॅट, किंमत 90 लाख. गेल्या रविवारी तो कागदांची पिशवी घेऊन घरी आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "अकरा वर्षं भाडं भरतोय. हिशेब केला तर छातीत धस्स होतं. सगळा पैसा पाण्यात. आता तेवढ्यातच थोडे घालून हप्ता भरेन, निदान भिंती तरी माझ्या होतील."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. घर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण 'भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा' हे गणित चूक आहे, आणि चुकीच्या गणितावर माणूस वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो हे मला पाहवत नाही.

त्याच्या पिशवीत बँकेने दिलेलं परतफेडीचं वेळापत्रक होतं. 72 लाखांचं कर्ज, 8 टक्के तरता दर, 20 वर्षं, हप्ता साधारण 60,200 रुपये. ती पानं त्याने उलटूनही पाहिली नव्हती. मी पहिली ओळ त्याच्यासमोर धरली. पहिल्या हप्त्यातले 48,000 रुपये व्याजाचे होते आणि मुद्दल फिटत होतं फक्त 12,200 रुपये. मग 120 वी ओळ काढली, म्हणजे दहा वर्षांनंतरची. तोवर त्याने बँकेत सव्वाबहात्तर लाख भरलेले असतील, जेवढं कर्ज घेतलं जवळजवळ तेवढेच. आणि बाकी कर्ज? 49 लाख 60 हजार.

"हे बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे. यात बँकेची लबाडी नाही. घटत्या मुद्दलावरच्या व्याजाचं गणितच असं आहे. आता सांग, या सव्वाबहात्तर लाखांतले जवळजवळ 50 लाख कुठे गेले?"

व्याज हेही भाडंच असतं. घरमालकाच्या भिंती वापरल्या म्हणून आपण त्याला भाडं देतो, बँकेचे पैसे वापरले म्हणून तिला व्याज देतो. दोन्ही पैसे परत येत नाहीत. तेव्हा तुलना भाडं आणि हप्ता यांची करायचीच नसते. हप्त्यातलं मुद्दल ही आपली बचत असते, ती खर्चात धरणं अन्यायाचं. तुलना करायची ती दोन्हीकडच्या परत न येणाऱ्या पैशांची.

तसाच फ्लॅट भाड्याने 25,000 रुपयांना मिळतो. त्याच इमारतीत, एक मजला खाली एक रिकामा आहे, ते त्यानेच मला सांगितलं. म्हणजे वर्षाचं भाडं 3 लाख. पुण्यात सोसायटीचा देखभाल खर्च बहुतेक वेळा मालकच भरतो, त्यामुळे भाडेकरूचा परत न येणारा खर्च इथेच संपतो.

आता खरेदीदाराची बाजू. पहिल्या वर्षाचं व्याज 5 लाख 70 हजार. सोसायटीचा देखभाल खर्च आणि महापालिकेचा मिळकतकर मिळून धरा 57,000. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी मोजत नाही: हाताशी असलेले स्वतःचे पैसे. बँक 80 टक्केच देते, म्हणजे 18 लाख पदरचे. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 6 लाख 30 हजार. नोंदणी फी 30,000. दलाली 90,000. (घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे सरळ 90 हजार वाचतात. वहिनींच्या नावाचा विचारच त्याने केला नव्हता.) स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटं यांना साडेतीन लाख. एकूण 29 लाख. हे पैसे घरात गेले नसते तर बँकेच्या ठेवीतही 7 टक्क्यांनी वर्षाला दोन लाख मिळाले असते. ते बुडाले.

5 लाख 70 हजार, 57 हजार आणि 2 लाख 3 हजार. बेरीज 8 लाख 30 हजार. समोर भाडं 3 लाख.

"म्हणजे घर घेतलं तर पहिल्याच वर्षी तुझे 5 लाख 30 हजार जास्त पाण्यात जातात," मी म्हणालो. "ते भरून काढायचे तर 90 लाखांच्या घराची किंमत त्या वर्षात 5.9 टक्क्यांनी वाढायला हवी. त्यापुढे जी वाढ होईल तेवढाच तुझा फायदा. आणि मुद्रांक-दलालीचे साडेसात लाख तर सही करतानाच गेले, ते वेगळे."

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने हुकमाचं पान काढलं. मराठी घरांत ते नेहमी निघतं: वडिलांचं घर.

"बाबांनी 1992 साली कोथरूडला फ्लॅट घेतला. तीन लाखांना. आज शेजारचा तसाच फ्लॅट 72 लाखांना गेला. चोवीस पट! बाबांनी तेव्हा तुझं ऐकलं असतं तर?"

काकांनी घर घेतलं ते उत्तम केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'चोवीस पट' हा आकडा आधी वर्षांवर पसरवू या. 33 वर्षांत 24 पट म्हणजे दरसाल सुमारे 10 टक्के. चांगली वाढ आहे, पण ती चमत्कार नाही. त्याच काळात, 2000 सालच्या जानेवारीपर्यंत, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, आपला पीपीएफ, 12 टक्के व्याज देत होता आणि तेही करमुक्त. काकांना घर फायद्याचं पडलं त्याची कारणं वेगळी होती. त्यांनी निम्म्याहून जास्त रक्कम पीएफमधून आणि काकूंच्या बांगड्या मोडून उभी केली, कर्ज थोडं घेतलं आणि नऊ वर्षांत फेडून टाकलं. म्हणून व्याजात फारसं गेलं नाही. शिवाय तेव्हा कोथरूड हे शहराचं टोक होतं. पुढे हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, शहर पश्चिमेला पसरलं आणि टोकावरचं कोथरूड मध्यात आलं. वाकड आज टोकावर नाही. ती वाढ आजच्या 90 लाखांत आधीच वसूल केलेली आहे.

वाढ दरवर्षी होतेच असंही नाही. 2014 नंतरची पाच-सहा वर्षं पुण्याच्या कित्येक भागांत भाव जागचे हलले नव्हते. त्या काळात फ्लॅट विकायला काढलेल्यांना विचारा. इमारत जुनी होत जाते, लिफ्ट बदलावी लागते, गळती सुरू होते. किंमत वाढते ती खालच्या जमिनीची. आणि ती जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का? म्हणजे अभिहस्तांतरण, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते झालंय का? हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बिल्डरने ते करून दिलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे खेटे घालावे लागतात, आणि ते होईपर्यंत पुनर्विकासाची गोष्ट पुढे सरकणं अवघड. काकांच्या घराची किंमत ज्या जमिनीमुळे वाढली, ती जमीन आपल्या नावावर येणार की नाही हे न पाहता त्याच वाढीची आशा धरता येत नाही.

"ठीक आहे, पण एका वर्षावर काय ठरवतोस," तो म्हणाला. "दहा वर्षांचं बघ."

मी बघितलं होतं. दोघं भाऊ समजू. दोघांकडे 29 लाख आहेत, दोघांची महिन्याची ऐपत सारखी. थोरला हे घर घेतो. धाकटा खालचा रिकामा फ्लॅट भाड्याने घेतो. भाडं दरसाल 6 टक्क्यांनी वाढतं, देखभाल खर्चही तसाच. पहिल्या वर्षी थोरल्याचे महिन्याला सुमारे 65,000 जातात, धाकट्याचे 25,000. मधले 40,000 धाकटा गुंतवतो. दहाव्या वर्षी भाडं 42,000 च्या वर जातं आणि मधला फरक 26,000 पर्यंत उतरतो, तोही तो गुंतवत राहतो. परतावा मी 8 टक्केच धरला, जेवढं कर्जाचं व्याज तेवढाच. काही पीपीएफमध्ये, काही स्वेच्छेने वाढवलेल्या पीएफमध्ये (2024-25 साठी त्याला 8.25 टक्के व्याज होतं), काही निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. धाकट्याला तीनदा घर बदलावं लागेल, त्या टेम्पोचे आणि दलालीचेही तीन लाख वजा केले.

दहा वर्षांनी धाकट्याकडे सुमारे 1 कोटी 20 लाख. घराचा भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढला तर थोरल्याचं घर 1 कोटी 46 लाखांचं होतं. विकण्याची दलाली आणि उरलेलं कर्ज फेडून त्याच्या हातात पडतात सुमारे 95 लाख. फरक 25 लाखांचा. दोघांना बरोबरीत यायला घर 1 कोटी 71-72 लाखांना विकलं जायला हवं, म्हणजे सलग दहा वर्षं साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढ. पुरी वीस वर्षं राहिलात तर हा उंबरठा सहा टक्क्यांच्या थोडा खाली येतो. म्हणजे मुक्काम जितका लांब तितकी खरेदी सुसह्य होते. पण पाच-सात वर्षांत बदली होणाऱ्या माणसाला ती महागच पडते.

"वीस वर्षांनी माझं घर फुकट झालेलं असेल आणि तुझा धाकटा महिना ऐंशी हजार भाडं भरत असेल!"

भाडं ऐंशी हजार होईल, अगदी बरोबर. पण तोवर धाकट्याकडे 2 कोटी 80 लाखांच्या आसपास जमलेले असतील आणि 5 टक्के वाढीने हाच फ्लॅट 2 कोटी 40 लाखांना मिळत असेल. त्याला वाटलं तर तो त्या दिवशी रोख पैसे मोजून घर घेईल. भाडेकरू म्हातारपणी रस्त्यावर येतो हे चित्र त्या भाडेकरूचं आहे, ज्याने मधला फरक खाऊन टाकला.

मित्राचा सगळ्यात सबळ मुद्दा इथेच होता, आणि तो त्याने नेमका पकडला. "अरे, पण तो धाकटा आहे कुठे? चाळीस हजार हातात राहिले तर गाडी येते, परदेशाची सहल येते. हप्ता असतो म्हणून माणूस वाचवतो. हप्ता चुकवता येत नाही. गुंतवणूक कधीही बंद करता येते."

हे खरं आहे आणि मी ते टाळणार नाही. धाकट्याने मधल्या फरकातला अर्धाच वाचवला तर दहा वर्षांनी त्याच्याकडे 88-89 लाख राहतात आणि 95 लाखांचा थोरला पुढे जातो. म्हणजे माझी सगळी मांडणी एका सवयीवर उभी आहे. ज्याच्यात ती सवय नाही त्याने घर घ्यावं, त्याच्यासाठी हप्ता हीच शिस्त. फक्त मग त्याने खरं कारण सांगावं. 'मला वाचवता येत नाही, म्हणून मी बँकेला पैसे देऊन स्वतःला बांधून घेतो' हे प्रामाणिक कारण आहे. 'भाडं पाण्यात जातं' हे नाही.

कर वाचतो, असंही तो जाता जाता म्हणाला. तो नव्या करप्रणालीत आहे. तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटच मिळत नाही. जुन्या प्रणालीत मिळते ती वर्षाला 2 लाखांपर्यंत, आणि याचं व्याज आहे 5 लाख 70 हजार. त्याच जुन्या प्रणालीत भाडेकरूला घरभाडे भत्त्यावर सूट असते. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

राहिला प्रश्न घरमालकाचा. या बाबतीत मी त्याच्याहून जास्त सोसलंय. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आमच्या तेव्हाच्या मालकांचा फोन आला, मुलगा परत येतोय, दोन महिन्यांत घर रिकामं करा. मुलीची सहामाही परीक्षा तोंडावर होती. भर दुपारी टेम्पोत सामान चढवताना ती जिन्यात बसून भूगोलाचं पुस्तक वाचत होती, ते मला अजून दिसतं. आणि अनामत परत देताना भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांसाठी रंगाचे अठरा हजार कापले गेले. या त्रासाला किंमत नाही असं म्हणणाऱ्याने भाड्याने राहून पाहिलेलं नाही.

पण त्यातून मी जे शिकलो ते घर घ्या असं नव्हे. चूक माझी होती. मी करारनामा वाचलाच नव्हता. अकरा महिन्यांचा छापील मसुदा, त्यात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, मी मुकाट्याने अंगठा टेकवला. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, पण तो अकराच महिन्यांचा हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. आता मी तीन वर्षांचा करार केलाय. पहिले 24 महिने मालकांना मला काढता येत नाही, वाढ दरसाल 5 टक्के, सामान्य वापराने झालेल्या झिजेचे पैसे अनामतीतून कापायचे नाहीत, आणि घर हवं असेल तर सूचना तीन महिन्यांची, तीही एप्रिल-मे धरून. तीन मालकांनी नाही म्हटलं, चौथे हो म्हणाले. त्यासाठी मी दरमहा हजार रुपये जास्त देतो. वर्षाला बारा हजार ही माझ्या स्थैर्याची किंमत झाली. तो त्याच स्थैर्यासाठी पहिल्या वर्षी 5 लाख 30 हजार देणार आहे.

"प्रत्येक गोष्टीत पैसाच बघायचा का?" तो शेवटी म्हणाला. आवाजात थोडा राग होता. "आईला देवघर भिंतीत बसवून हवंय. ती म्हणते, एकदा तुझ्या घरात गणपती बसवू दे."

मी यावर वाद घातला नाही. काकूंच्या त्या इच्छेपुढे माझं गणित मी आणणार नाही. ती इच्छा पुरवायला वर्षाला पाच लाख द्यायचे असतील आणि ते झेपत असतील, तर जरूर द्यावेत. मात्र त्याची मिळकत महिना एक लाख तीस हजार आहे आणि हप्ता त्याच्या जवळजवळ निम्मा. व्याजाचा दर तरता आहे. तो एका टक्क्याने चढला तर बँक हप्ता वाढवते किंवा मुदत, आणि दोन्ही त्यालाच भरायचं आहे. नोकरी गेली तर भाडेकरू स्वस्त घरात जातो. कर्जदाराला तेवढ्या घाईत घर विकता येत नाही.

दसऱ्याला टोकन द्यायचं ठरलंय, असं तो उठताना म्हणाला. मी त्याला थांब म्हणालो नाही. एवढंच सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी, घर घेतल्यावर जे चाळीस हजार जास्त जाणार आहेत, ते खात्यातून आपोआप वळते कर. सहा महिने. घरी हप्ता सुरू झालाय असं समजूनच चालव. मधे हात लावायचा नाही, दिवाळीतही नाही. मार्चच्या शेवटी पासबुक घेऊन ये. 2 लाख 40 हजार जागेवर असतील तर तू धाकटा आहेस, भाड्याने राहा. नसतील तर घर घे, पण मग हप्ता पेलतो का तेही त्या पासबुकातच दिसेल, आणि घर साठ-पासष्ट लाखांचं बघ. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात साक्षीदार म्हणून सही करायला मी येईन.

त्याने टोकनची तारीख एप्रिलपर्यंत पुढे ढकलायला सांगितलीय. मालक तयार आहेत की नाही, ते अजून कळलेलं नाही.